अवस्थांतराची इयत्ता : मुक्त ऊर्जेच्या आलेखावरून पहिल्या व दुसऱ्या कोटीचा निवाडा

बर्फ वितळते, पाणी उकळते, लोखंडाचे चुंबकत्व नाहीसे होते, कथील एका विशिष्ट शीत तापमानाखाली विजेला शून्य रोध दाखवू लागते. या चारही घटनांना पदार्थविज्ञानात 'अवस्थांतर' असे एकच नाव आहे. परंतु ज्याने या घटना प्रयोगशाळेत मोजल्या त्याला त्या एकसारख्या दिसल्या नाहीत. बर्फ वितळताना उष्णता दिली जाते, पण तापमापकातील पारा हलत नाही. लोखंड चुंबकत्व गमावते त्या तापमानाला मात्र पारा कोठेही थबकत नाही. मग या दोन घटनांना एकाच पंक्तीत बसवावे की दोन निरनिराळ्या पंक्तींत? आणि बसवावयाचे तर कोणत्या कसोटीवर?

या प्रश्नाचे पहिले नेटके उत्तर पॉल एरेनफेस्ट या शास्त्रज्ञाने १९३३ साली हॉलंडमधील लायडेन येथून दिले. प्रस्तुत लेखात आम्ही त्या उत्तराची मांडणी, बर्फ आणि कथील या दोन पदार्थांवर त्याची पडताळणी, आणि ते उत्तर कोठे अपुरे पडले याची हकीकत क्रमाने सांगणार आहोत. उच्च माध्यमिक इयत्तेतील विद्यार्थ्याला आलेखाचा उतार म्हणजे काय हे ठाऊक असते. तेवढी शिदोरी या प्रवासाला पुरेशी आहे.

मुक्त ऊर्जा आणि तिचा आलेख

ठरावीक दाब आणि ठरावीक तापमान असताना पदार्थ कोणत्या अवस्थेत राहील, हे एका राशीवरून ठरते. अमेरिकन शास्त्रज्ञ विलार्ड गिब्ज यांच्या नावावरून तिला गिब्ज मुक्त ऊर्जा म्हणतात आणि ती G या अक्षराने लिहितात. तिचे सूत्र असे :

G = H − TS

यातील H म्हणजे पदार्थाची उष्माशक्ती (एन्थाल्पी), T म्हणजे केल्विनमधील तापमान, आणि S म्हणजे एन्ट्रॉपी, अर्थात रेणूंच्या मांडणीतील मोकळेपणाचे माप. नियम एवढाच की ज्या अवस्थेची G सर्वांत कमी, ती अवस्था टिकते. तापमान कमी असते तेव्हा TS हे पद लहान असते. म्हणून ज्या अवस्थेत रेणू एकमेकांना घट्ट धरून बसतात, ती स्वस्त पडते. तापमान वाढले की TS मोठे होते आणि मोकळी अवस्था स्वस्त पडू लागते. अवस्थांतर म्हणजे हा स्वस्ताईचा मान एका अवस्थेकडून दुसऱ्या अवस्थेकडे जाणे होय.

आता आडव्या अक्षावर तापमान आणि उभ्या अक्षावर G घेऊन, दाब स्थिर ठेवून, आलेख काढू. या आलेखाचा उतार फार बोलका असतो :

S = −(∂G/∂T)_P

म्हणजे G चा आलेख जितक्या वेगाने खाली उतरतो, तितकी त्या अवस्थेची एन्ट्रॉपी. त्याचप्रमाणे तापमान स्थिर ठेवून दाब बदलला, तर G चा दाबानुसार जो उतार मिळतो तो म्हणजे पदार्थाचे आकारमान V. एन्ट्रॉपी आणि आकारमान या G च्या पहिल्या विकलज राशी झाल्या.

उतार स्वतः किती झपाट्याने बदलतो हे पाहिले की दुसरी विकलज राशी मिळते. एन्ट्रॉपी तापमानानुसार कशी बदलते यावरून विशिष्ट उष्मा C कळते :

C = −T(∂²G/∂T²)_P

आकारमान तापमानानुसार कसे बदलते यावरून प्रसरणांक कळतो, आणि दाबानुसार कसे बदलते यावरून पदार्थ किती दाबता येतो हे कळते. या तीनही राशी प्रयोगशाळेत मोजता येतात. विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे की G स्वतः कोणत्याही उपकरणावर वाचता येत नाही. आपण मोजतो ते तिचे उतार आणि उतारांचे बदल.

एरेनफेस्ट यांची कसोटी आता एका वाक्यात सांगता येते. अवस्थांतराच्या बिंदूवर G स्वतः कधीच तुटत नाही, कारण तेथे दोन्ही अवस्थांची G समान असते. पण G ची पहिली विकलज राशी, म्हणजे एन्ट्रॉपी किंवा आकारमान, तेथे एकदम उडी घेत असेल तर ते पहिल्या कोटीचे अवस्थांतर. पहिली विकलज राशी अखंड राहून दुसरी विकलज राशी, म्हणजे विशिष्ट उष्मा आणि तिच्या बहिणी, उडी घेत असेल तर ते दुसऱ्या कोटीचे अवस्थांतर.

बर्फ : पहिल्या कोटीचा नमुना

नेहमीच्या वातावरणीय दाबाखाली ०° सेल्सिअसला, म्हणजे सुमारे २७३ केल्विनला, १ ग्रॅम बर्फ वितळवण्यास सुमारे ३३४ ज्यूल उष्णता लागते. पाठ्यपुस्तकात हिला अप्रकट उष्मा म्हणतात. ग्लासगो येथील जोसेफ ब्लॅक यांनी अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात ती प्रथम नीट ओळखली. ही उष्णता तापमान न वाढवता जाते कोठे, तर एन्ट्रॉपी वाढवण्यात जाते. उडी किती, हे भागाकाराने मिळते : ३३४ भागिले २७३, म्हणजे दर ग्रॅमला दर केल्विनमागे सुमारे १.२२ ज्यूल.

या आकड्याचा आलेखातील अर्थ पाहू. ०° ला बर्फाची आणि पाण्याची G समान आहे, पण दोघांच्या रेषांचे उतार निराळे आहेत आणि त्या उतारांतील फरक १.२२ आहे. म्हणून −१° ला बर्फाची G पाण्यापेक्षा दर ग्रॅमला सुमारे १.२२ ज्यूलने कमी असते, आणि +१° ला पाण्याची G तेवढ्याच मापाने कमी असते. दोन रेषा एकमेकींना कात्रीप्रमाणे छेदतात. निसर्ग सतत खालची रेषा निवडतो, त्यामुळे त्याच्या वाटेवर छेदबिंदूपाशी एक कोपरा तयार होतो. हा कोपरा म्हणजेच पहिल्या विकलज राशीतील खंड.

दुसरी पहिली विकलज राशी, आकारमान, हीसुद्धा उडी घेते. १ किलोग्रॅम बर्फ सुमारे १.०९ लिटर जागा व्यापतो, तर त्याचे पाणी १.०० लिटर व्यापते. या दोन उड्यांचे गुणोत्तर घेतले की क्लॅपेरॉनचे समीकरण मिळते :

dP/dT = L/(T ΔV)

येथे L म्हणजे अप्रकट उष्मा आणि ΔV म्हणजे आकारमानातील बदल. १ किलोग्रॅमचे आकडे घालून पाहू. L म्हणजे ३,३४,००० ज्यूल, T म्हणजे २७३, आणि ΔV म्हणजे ऋण ०.००००९ घनमीटर. उत्तर येते ऋण सुमारे १.३५ कोटी पास्कल प्रति केल्विन, म्हणजे जवळजवळ १३३ वातावरणे. अर्थ असा की बर्फाचा वितळणबिंदू केवळ १ अंशाने खाली आणावयाचा तर १३३ वातावरणांइतका जादा दाब द्यावा लागेल. ऋण चिन्ह आले ते बर्फ पाण्यापेक्षा जास्त जागा व्यापते म्हणून. बहुतेक पदार्थांत ते धन असते.

पहिल्या कोटीच्या अवस्थांतराची आणखी दोन लक्षणे या कात्रीसारख्या आकृतीतूनच निघतात. पहिले लक्षण असे की दोन अवस्था शेजारी शेजारी नांदतात. पेल्यातील पाण्यावर बर्फाचा खडा तरंगतो आणि दोघांमध्ये स्पष्ट सीमा असते, कारण दोन्ही अवस्था खरोखर निराळ्या आहेत आणि छेदबिंदूपाशी समान स्वस्त आहेत. दुसरे लक्षण असे की प्रत्येक रेषा छेदबिंदूच्या पलीकडेही चालू राहते. म्हणून स्वच्छ पाणी हळुवारपणे थंड केले तर ते ०° च्या खाली कित्येक अंश द्रवच राहू शकते. ते वरच्या, म्हणजे महाग रेषेवर अडकलेले असते. त्यात बर्फाचा कण टाकला की ते झपाट्याने गोठते आणि तापमान वर चढून ०° ला येते. थंड करताना एक तापमान आणि गरम करताना दुसरे, असा जो मागेपुढेपणा दिसतो तो पहिल्या कोटीची खूण आहे.

कथील : एकाच पदार्थात दोन्ही कोटी

तांब्यापितळेच्या भांड्यांना कल्हई करताना जो पांढरा धातू वापरतात तोच कथील. एरेनफेस्ट यांच्या वर्गीकरणाचा जन्म या साध्या धातूशी निगडित आहे. लायडेन येथे हाइके कामरलिंघ ओनेस यांनी १९०८ साली हेलियम वायूचा द्रव केला आणि १९११ साली पाऱ्यामध्ये अतिवाहकता शोधली. त्याच प्रयोगशाळेत पुढे विलेम केसोम आणि त्यांचे सहकारी अतिशीत धातूंची विशिष्ट उष्मा मोजू लागले. १९३२ साली केसोम आणि कोक यांनी कथिलावर मोजमाप केले. कथील ३.७२ केल्विनला अतिवाहक होते. त्या बिंदूवर अप्रकट उष्मेचा मागमूस नव्हता, परंतु विशिष्ट उष्मा मात्र एकदम बदलत होती. थंड करत आणल्यावर ३.७२ केल्विनपाशी ती एका पायरीने वर चढत होती.

एरेनफेस्ट त्याच नगरीत प्राध्यापक होते. त्यांच्यापुढे प्रश्न असा आला की येथे एन्ट्रॉपीची उडी शून्य आहे. मग क्लॅपेरॉनच्या समीकरणात अंशस्थानी शून्य आणि छेदस्थानीही शून्य येते, आणि समीकरण मुके होते. त्यांनी एक पायरी पुढे जाऊन विचार केला. दोन्ही अवस्थांची केवळ G नव्हे, तर एन्ट्रॉपीही सीमारेषेवर सर्वत्र समान राहत असेल, तर त्या समानतेवरून विशिष्ट उष्मेची उडी आणि सीमारेषेचा उतार यांचा संबंध काढता येतो. वर्गीकरणाची कल्पना या गणितातून आली.

कथिलाच्या बाबतीत दाबाची जागा चुंबकीय क्षेत्र घेते. पुरेसे प्रबळ चुंबकीय क्षेत्र लावले की अतिवाहकता मोडते. ज्या क्षेत्राला ती मोडते त्याला क्रांतिक क्षेत्र म्हणतात आणि येथे आपण ते B_c असे लिहू. कथिलामध्ये शून्य केल्विनजवळ ते सुमारे ३० मिलिटेस्ला असते. तापमान वाढते तसे ते घटत जाते आणि ३.७२ केल्विनला शून्य होते. अतिवाहक आपल्या अंतरंगातून चुंबकीय क्षेत्र बाहेर ढकलतो आणि त्यासाठी ऊर्जा खर्च करतो. ही ऊर्जा क्षेत्राच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ज्या क्षेत्राला हा खर्च अतिवाहकतेच्या फायद्याइतका होतो, तेथे अवस्था मोडते. म्हणून क्षेत्र नसताना साध्या आणि अतिवाहक अवस्थांच्या मुक्त ऊर्जेतील फरक असा येतो :

G_n − G_s = V B_c² / 2μ₀

येथे n म्हणजे साधी अवस्था, s म्हणजे अतिवाहक अवस्था, आणि V म्हणजे धातूचे आकारमान. या एका ओळीतून पुढचे सर्व निघते.

तापमानानुसार एकदा विकलन केले की एन्ट्रॉपीतील फरक मिळतो, आणि त्यात B_c आणि त्याचा उतार यांचा गुणाकार येतो. ३.७२ केल्विनला B_c शून्य आहे, म्हणून एन्ट्रॉपीचा फरकही शून्य आणि अप्रकट उष्माही शून्य. पुन्हा एकदा विकलन करून त्याच बिंदूवर थांबलो, तर B_c चे पद नाहीसे होते, पण उताराचा वर्ग शिल्लक राहतो :

C_s − C_n = (V T_c / μ₀)(dB_c/dT)²

हे सूत्र एरेनफेस्ट यांचे सहकारी रुटखर्स यांच्या नावाने ओळखले जाते. आता आकडे घालू. १ मोल कथील म्हणजे सुमारे ११९ ग्रॅम, आणि त्याचे आकारमान सुमारे १६.२ घन सेंटिमीटर. T_c म्हणजे ३.७२. क्रांतिक क्षेत्राचा तेथील उतार दर केल्विनला सुमारे १५ मिलिटेस्ला. गुणाकार-भागाकार केल्यावर उत्तर येते दर मोलला दर केल्विनमागे सुमारे ११ मिलिज्यूल. उष्मामापकात प्रत्यक्ष मोजलेली पायरीही सुमारे तेवढीच आहे. एकीकडे चुंबकाने केलेले मोजमाप, दुसरीकडे उष्मामापकाने केलेले मोजमाप, आणि दोघांची गाठ एका सूत्रात पडते.

या हिशेबात एक गृहीत दडलेले होते. अतिवाहक अवस्थेत जाणे आणि परत येणे हे बर्फ-पाण्याप्रमाणे उलटसुलट करता येते, असे त्यात मानले होते. ते खरे आहे याची खात्री तेव्हा नव्हती. त्याच वर्षी, १९३३ साली, बर्लिन येथे माइस्नर आणि ओक्सेनफेल्ड यांनी दाखवून दिले की चुंबकीय क्षेत्र आधी लावून मग धातू थंड केला, तरीही अतिवाहक ते क्षेत्र बाहेर फेकतो. अवस्था कोणत्या वाटेने गाठली यावर ती अवलंबून नाही, हे त्यावरून सिद्ध झाले आणि रुटखर्स यांच्या सूत्राखालचा पाया पक्का झाला.

आता या उदाहरणातील सर्वांत बोधप्रद भाग येतो. समजा कथिलावर सुमारे १० मिलिटेस्लाचे क्षेत्र लावले. मग ते ३.७२ केल्विनला अतिवाहक न होता सुमारे ३ केल्विनला होते. त्या बिंदूवर B_c शून्य नाही, म्हणून एन्ट्रॉपीचा फरकही शून्य नाही. तेथे अप्रकट उष्मा मिळते. हिशेब केला तर ती दर मोलला सुमारे ५ मिलिज्यूल येते. बर्फाची दर मोलला सुमारे ६,००० ज्यूल आहे, म्हणजे ही त्याच्या दहा लाखांव्या भागाच्या आसपास. लहान असली तरी ती शून्य नव्हे. म्हणजे तोच धातू, तेच अवस्थांतर, पण क्षेत्र असताना पहिल्या कोटीचे आणि क्षेत्र नसताना दुसऱ्या कोटीचे. यावरून विद्यार्थ्यांनी हे समजून घ्यावे की कोटी ही पदार्थाच्या अंगाला चिकटलेली जन्मखूण नाही. कोणत्या परिस्थितीत तो सीमारेषा ओलांडतो त्यावर ती ठरते.

एक मार्मिक आक्षेप

एरेनफेस्ट यांच्या मांडणीवर १९३४ साली युस्टी आणि फॉन लाउए यांनी जो आक्षेप घेतला, तो आलेख काढून पाहिल्यास कोणालाही सुचू शकेल. पहिल्या कोटीत दोन रेषा छेदतात, त्यामुळे एका बाजूला एक अवस्था स्वस्त आणि दुसऱ्या बाजूला दुसरी. दुसऱ्या कोटीत दोन्ही रेषांचे उतारही समान असतात. मग त्या छेदणार नाहीत, फक्त स्पर्श करतील, आणि फरक (T − T_c) च्या वर्गाप्रमाणे वाढेल. वर्ग हा दोन्ही बाजूंना धनच असतो. तसे असेल तर जी अवस्था T_c च्या खाली स्वस्त आहे, ती T_c च्या वरही स्वस्तच राहील. मग अवस्थांतर घडावेच का?

याचे उत्तर असे की दुसऱ्या कोटीत T_c च्या वर दुसरी रेषा चालूच राहत नाही. लेव लांडाऊ यांनी १९३७ साली ही गोष्ट व्यवस्थित मांडली. अतिवाहक कथिलात इलेक्ट्रॉनांची एक विशिष्ट शिस्त असते. तापमान वाढत जाते तशी ही शिस्त हळूहळू क्षीण होत ३.७२ केल्विनला शून्य होते. शून्याच्या खाली ती जाऊ शकत नाही. म्हणून त्या तापमानाच्या वर 'अतिवाहक कथिलाची रेषा' असे काही उरतच नाही. बर्फाचे तसे नाही. वितळण्याच्या क्षणापर्यंत बर्फातील स्फटिकरचना शाबूत असते आणि मग ती एकदम कोसळते. त्यामुळे दुसऱ्या कोटीत अतिशीत द्रवासारखी अडकलेली अवस्था सापडत नाही, आणि दोन अवस्था सीमा आखून शेजारी नांदत नाहीत.

हेलियम : जेथे पायरी नाही

एरेनफेस्ट यांच्यासमोर दुसरे उदाहरण द्रव हेलियमचे होते. १९२७ साली केसोम आणि वोल्फके यांनी द्रव हेलियमच्या दोन निराळ्या अवस्था असल्याचे सांगितले. २.१७ केल्विनच्या आसपास एकीतून दुसरीत बदल होतो, अप्रकट उष्मा लागत नाही, आणि विशिष्ट उष्मेच्या आलेखाला उंच टोक येते. त्या आलेखाचा आकार ग्रीक अक्षर लॅम्डासारखा दिसतो, म्हणून त्या बिंदूला लॅम्डा बिंदू हे नाव पडले.

वरवर पाहता हेही कथिलासारखेच वाटते, आणि एरेनफेस्ट यांनीही त्याला त्याच वर्गात घातले. परंतु मोजमापे जसजशी बारीक होत गेली, तसतसा फरक उघड झाला. कथिलाची विशिष्ट उष्मा एका पायरीने उडी घेते. हेलियमची मात्र बिंदूजवळ दोन्ही बाजूंनी वाढत वाढत जाते, आणि जितके जवळ जावे तितकी अधिक तीव्रतेने चढते. पृथ्वीवर द्रवाच्या स्वतःच्या वजनामुळे तळाचा दाब पृष्ठभागापेक्षा जास्त असतो, त्यामुळे संपूर्ण द्रवाचा लॅम्डा बिंदू एकच राहत नाही आणि टोक थोडे पुसट होते. म्हणून १९९२ साली हा प्रयोग अंतराळयानात नेला गेला आणि बिंदूपासून केल्विनच्या काही अब्जांश भागांइतक्या अंतरापर्यंत मोजमाप झाले. निष्कर्ष असा की शिखराची उंची मर्यादित आहे, पण शिखराजवळ चढ अनंताकडे जातो. कथिलासारखी साधी पायरी तेथे नाही.

सिद्धांताच्या बाजूनेही हेच कळले. लार्स ऑन्सागर यांनी १९४४ साली चुंबकाच्या एका द्विमितीय प्रतिकृतीचे अचूक गणित सोडवले. त्यात अप्रकट उष्मा नव्हती, आणि विशिष्ट उष्मा संक्रमणबिंदूवर पायरीने न उडता लॉगरिदमच्या चालीने अनंताकडे गेली. एरेनफेस्ट यांच्या दोन खणांपैकी 'दुसरी विकलज राशी मर्यादित उडी घेते' या खणात ती बसत नाही.

या कारणाने आज शास्त्रज्ञ दोनच पंक्ती मानतात. अप्रकट उष्मा असेल, पहिली विकलज राशी तुटत असेल, तर ते पहिल्या कोटीचे अवस्थांतर. ती तुटत नसेल तर त्याला 'अखंड' अवस्थांतर म्हणतात, मग दुसरी विकलज राशी पायरीने उडो की शिखर गाठो. जुन्या सवयीने 'दुसऱ्या कोटीचे' हा शब्दही त्याच अर्थाने चालू आहे. म्हणजे एरेनफेस्ट यांची पहिली रेघ टिकली, दुसरी थोडी सैल करावी लागली.

निवाडा कसा करावा : लोखंडाचे उदाहरण

शेवटी हीच कसोटी लोखंडावर लावून पाहू. शुद्ध लोखंड तापवत नेले तर ७७०° सेल्सिअसच्या सुमारास ते चुंबकाला चिकटेनासे होते, आणि ९१२° ला त्याच्या अणूंची मांडणी बदलते. दोन्ही अवस्थांतरेच. त्यांचा निवाडा करण्यासाठी क्रमाने तीन प्रश्न विचारावेत.

पहिला प्रश्न : उष्णता देताना तापमान कोठे थांबते का? ९१२° ला थांबते, कारण तेथे अप्रकट उष्मा आहे. ७७०° ला थांबत नाही, तेथे फक्त विशिष्ट उष्मेचे टोकदार शिखर दिसते.

दुसरा प्रश्न : लांबी किंवा आकारमान उडी घेते का? ९१२° ला घेते. तापवूनही लोखंड तेथे किंचित आकसते, कारण नव्या मांडणीत अणू अधिक दाटीने बसतात. ७७०° ला लांबी अखंड बदलत राहते, फक्त प्रसरणांकात बदल जाणवतो.

तिसरा प्रश्न : तापवताना आणि थंड करताना संक्रमण एकाच तापमानाला होते का? ९१२° च्या संक्रमणात थंड करताना ते काहीसे मागे रेंगाळते. ७७०° च्या संक्रमणात असा मागेपुढेपणा नसतो, कारण चुंबकीय शिस्त हळूहळू शून्य होते आणि हळूहळूच परत येते.

म्हणून ९१२° चे अवस्थांतर पहिल्या कोटीचे आणि ७७०° चे दुसऱ्या कोटीचे, म्हणजेच अखंड.

येथे दोन सावधगिरीच्या सूचना द्याव्याशा वाटतात. अशुद्ध नमुन्यात निरनिराळ्या भागांचे संक्रमण थोड्या निराळ्या तापमानांना होते. मग खरी उडीही उतरणीसारखी पसरट दिसते आणि पहिल्या कोटीचे अवस्थांतर अखंड असल्याचा भास होतो. याउलट, अप्रकट उष्मा फार लहान असेल, तर ढोबळ उपकरणाला ती दिसतच नाही. चुंबकीय क्षेत्रातील कथिलाची दर मोलला ५ मिलिज्यूल हे त्याचे उदाहरण आपण पाहिलेच. म्हणून केवळ एका आलेखावरून कोटी ठरवू नये. उष्णता, आकारमान आणि मागेपुढेपणा या तिन्ही साक्षी एका दिशेने बोलतात का, हे पाहावे. नमुना अधिक शुद्ध करून आणि अधिक सावकाश तापवून मोजमाप पुन्हा घ्यावे. शुद्धता वाढवताना उतरण अधिकाधिक उभी होत गेली तर ती उडी आहे असे समजावे. बिंदूच्या जवळ जाताना ती गोलाकारच राहिली आणि परतीच्या वाटेवर तापमान जुळले, तर अवस्थांतर अखंड आहे असे म्हणावयास हरकत नाही.